'नॉट बॅड' वर सरकवा, 'क्वाइट गुड' तपासून बघा: ब्रिटनमध्ये नव्याने आलेल्यांसाठी

लीड्समधल्या एका छोट्या अभियांत्रिकी सल्लागार कंपनीत मी नोकरीला लागले, त्याला तीन महिने होत आले होते. मी काढलेल्या एका नकाशाकडे बघून माझा मॅनेजर म्हणाला, 'नॉट बॅड.' त्या रात्री मी तो नकाशा घरी आणून पुन्हा पहिल्यापासून तपासला, कारण मला वाटलं की जेमतेम चालण्यासारखा झालाय. दोन आठवड्यांनी त्याने माझ्या अहवालावर 'क्वाइट गुड' असं लिहिलं. मी सांगलीला फोन करून आईबाबांना सांगितलं की साहेबांना काम फार आवडलंय.

दोन्ही वेळा मी उलटा अर्थ घेतला होता. नकाशा त्याला खरोखर आवडला होता आणि अहवाल त्याला निम्मा पुन्हा लिहून हवा होता. आता इथे मला नऊ वर्षं झाली. दरवर्षी आमच्याकडे भारतातून दोन-तीन नवी मुलं येतात आणि त्याच दोन शब्दांपाशी अडतात. म्हणून हे एकदा नीट क्रमाने लिहून काढते आहे.

सुरुवात करण्याआधी चार गोष्टी हाताशी ठेवा:

- एक छोटी वही, पानावर तीन रकाने आखलेली: काय म्हटलं, मला काय वाटलं, पुढे काय घडलं
- तुमच्या वरिष्ठांच्या किंवा प्राध्यापकांच्या गेल्या महिन्याभरातल्या ईमेल
- विद्यार्थी असाल तर तुमच्या विभागाच्या हँडबुकातलं गुणदानाचं कोष्टक
- इथेच वाढलेला एखादा सहकारी, ज्याला 'याचा अर्थ काय रे?' असं मोकळेपणाने विचारता येईल

## १. आधी स्वतःच्या कानातलं भाषांतर ओळखा

शाळेत आपण 'क्वाइट' म्हणजे 'बरंच' असं शिकलो. भारतातल्या इंग्रजीत 'क्वाइट गुड' हे कौतुकच असतं, अमेरिकेतही 'व्हेरी गुड'च्या जवळचं. 'नॉट बॅड' मात्र आपण शब्दशः घेतो: वाईट नाही, म्हणजे चांगलंही नाही. हे भाषांतर डोक्यात इतक्या वेगाने होतं की ते झाल्याचं आपल्याला कळतसुद्धा नाही. म्हणून वहीतला दुसरा रकाना महत्त्वाचा आहे. ऐकल्याबरोबर तुम्हाला काय वाटलं ते त्याच दिवशी लिहा, नाहीतर आठवड्याने 'मला माहीतच होतं' असं वाटू लागतं.

असं बोलणं मराठीला परकं आहे असंही नाही. माझे मोठे मामा जेवून उठताना फार तर 'आमटी बरी झाली होती हो' एवढंच म्हणत, आणि मामी दिवसभर खुशीत असे. त्या 'बरी'चं वजन मामीला ठाऊक होतं, कारण नावडलेल्या आमटीबद्दल मामा काय म्हणतात तेही तिला ठाऊक होतं. नव्या ऑफिसात आपल्याला ही दुसरी बाजू माहीत नसते. ती माहीत होईपर्यंत शब्द तोलायला काहीतरी बाहेरचं माप लागतं. पुढच्या पायऱ्या म्हणजे ती मापं आहेत.

## २. 'नॉट'च्या पुढचा शब्द बघा

हा नियम सगळ्यात सोपा आहे आणि बहुतेक वेळा चालतो. 'नॉट'च्या पुढे वाईट शब्द असेल तर अर्थ वर सरकतो. 'नॉट'च्या पुढे चांगला शब्द असेल तर अर्थ खाली सरकतो. आणि दोन्हीकडे तो शब्दांवरून वाटतो त्यापेक्षा जास्त सरकतो.

'नॉट बॅड' म्हणजे चांगलं. आवाजात थोडं आश्चर्य असेल आणि 'बॅड' किंचित लांबवला असेल तर खूप चांगलं. 'नॉट बॅड ॲट ऑल' ही तर सरळ शाबासकी. ती मिळाली तर 'थँक यू' म्हणून थांबा. 'मग अजून काय सुधारू?' असं लगेच विचारलंत तर समोरचा गोंधळतो, कारण त्याच्या बाजूने कौतुक करून झालेलं असतं.

'नॉट टू बॅड' थोडं वेगळं आहे. ते बहुधा 'हाउ आर यू?'चं उत्तर म्हणून येतं आणि त्याचा अर्थ आपल्या 'चाललंय'सारखा असतो. तेच कामाबद्दल म्हटलं तर अर्थ 'भीती वाटत होती तेवढं बिघडलेलं नाही' इतकाच. म्हणजे मधल्या एका 'टू'ने शाबासकी दिलाशावर येते. स्कॉटलंडमध्ये हेच 'नो बॅड' म्हणून ऐकू येईल. तिथे ते चांगलंच समजा.

आता उलटी बाजू. 'आयम नॉट एन्टायरली हॅपी विथ धिस' म्हणजे मी नाराज आहे. 'नॉट आयडियल' म्हणजे मोठी अडचण झाली आहे. 'नॉट क्वाइट व्हॉट आय हॅड इन माइंड' म्हणजे मला हे नकोच होतं. नवखा माणूस यातला 'हॅपी', 'आयडियल' ऐकतो आणि थोडक्यात राहिलं असं समजतो.

या रचनेचं मला माहीत असलेलं सगळ्यात स्पष्ट उदाहरण राणी एलिझाबेथ यांच्या भाषणातलं आहे. १९९२ मध्ये त्यांच्या तीन मुलांचे संसार मोडले किंवा मोडायला आले होते आणि २० नोव्हेंबरला विंडसरच्या राजवाड्याला मोठी आग लागली. त्यानंतर चार दिवसांनी लंडनच्या गिल्डहॉलमध्ये बोलताना त्या म्हणाल्या की, या वर्षाकडे मी 'अनडायल्यूटेड प्लेझर'ने, म्हणजे निर्भेळ आनंदाने, मागे वळून बघणार नाही. पुढच्याच वाक्यात त्यांनी त्या वर्षाला लॅटिनमध्ये भयंकर वर्ष म्हटलं. 'निर्भेळ आनंद नाही' आणि 'भयंकर' ही एकाच गोष्टीची दोन वर्णनं त्यांनी शेजारी शेजारी ठेवली. सभेतल्या कुणालाही पहिल्या वाक्याचा अर्थ 'थोडा आनंद झाला' असा वाटला नसेल.

## ३. 'क्वाइट' कुठे बसलाय आणि जोर कशावर आहे ते ऐका

इथे थोडं थांबा, कारण सगळ्यात जास्त चुका याच शब्दाच्या होतात.

'क्वाइट'चा जुना अर्थ 'पूर्णपणे' असा आहे. 'बऱ्यापैकी' हा अर्थ नंतर चिकटला, आणि ब्रिटनमध्ये दोन्ही अजून चालतात. कुठला घ्यायचा ते पुढचा शब्द ठरवतो. ज्या गोष्टीत कमी-जास्त होऊच शकत नाही तिथे जुना अर्थ येतो. 'क्वाइट इम्पॉसिबल' म्हणजे अगदी अशक्य, 'क्वाइट राइट' म्हणजे अगदी बरोबर, 'आर यू क्वाइट शुअर?' म्हणजे तुझी पूर्ण खात्री आहे का. हा शेवटचा प्रश्न कुणी विचारला तर उत्तर देण्याआधी कागद पुन्हा बघा, कारण विचारणाऱ्याला बहुधा चूक दिसलेली असते.

ज्या गोष्टीत कमी-जास्त होऊ शकतं, म्हणजे चांगलं, उपयोगी, रंजक, तिथे नवा अर्थ येतो आणि जोर महत्त्वाचा ठरतो. 'क्वाइट' पटकन म्हणून जोर 'गुड'वर टाकला तर माणूस समाधानी आहे. जोर 'क्वाइट'वर असेल, आवाज त्या शब्दावर खाली येऊन शेवटी पुन्हा वर जात असेल, तर वाक्य अर्धवट राहिलंय आणि उरलेला अर्धा भाग 'बट'ने सुरू होणार आहे. कधी तो बोलला जातो, कधी तुम्ही ओळखावा म्हणून सोडून दिला जातो. मराठीत 'तसं चांगलंय...' म्हणून आपण थांबतो, त्यासारखंच. कानाला याची सवय लावायची तर बैठकीत तुमच्याबद्दल नसलेल्या वाक्यांवर सराव करा. स्वतःच्या कामाबद्दल ऐकताना मन शांत नसतं.

दोन सापळे अजून आहेत. 'क्वाइट अ फ्यू' म्हणजे थोडे नव्हे, बरेच. आमच्याकडच्या एका मुलाला सांगितलं गेलं की 'देअर आर क्वाइट अ फ्यू एरर्स'. त्याने दोन चुका शोधल्या आणि काम पुढे पाठवलं. चुका वीसच्या वर होत्या. आणि नुसतं 'क्वाइट.' असं एका शब्दाचं उत्तर आलं तर ते 'अगदी खरं' अशा सहमतीचं असतं. वयस्कर लोकांकडून ते जास्त ऐकू येतं.

'क्वाइट गुड'च्या शेजारचा 'रादर गुड' मात्र बहुतेक वेळा वरचा असतो. त्यात 'अपेक्षेपेक्षा चांगलं निघालं' अशी खुशी असते. शब्दकोशात दोन्हींना 'बऱ्यापैकी' असाच अर्थ दिलेला सापडतो, म्हणून हा फरक वहीत लिहून ठेवा.

## ४. लेखी मजकुरात आवाज नसतो, तेव्हा पुढची वाक्यं मोजा

ईमेलमध्ये जोर ऐकू येत नाही. तिथे 'क्वाइट गुड'च्या पाठोपाठ काय येतं ते बघायचं. माझ्या त्या अहवालाची ईमेल मी जपून ठेवली आहे. अहवाल एका नव्या वसाहतीतल्या पावसाच्या पाण्याच्या निचऱ्याचा होता. ईमेल अशी होती:

'थँक्स फॉर धिस. क्वाइट गुड ओव्हरऑल. जस्ट अ फ्यू मायनर कॉमेंट्स. सेक्शन थ्री इज अ बिट थिन. यू माइट वॉन्ट टु हॅव अनदर लुक ॲट द रेनफॉल फिगर्स. आय वंडर इफ द क्लायंट विल फॉलो द कन्क्लूजन. नो रश, बट इट वुड बी गुड टु हॅव इट बॅक बाय थर्सडे.'

मी काय केलं ते आधी सांगते. 'मायनर' वाचून स्वल्पविराम आणि तक्त्यांची मांडणी सुधारली. तिसऱ्या भागात दोन ओळी वाढवल्या. पावसाच्या आकड्यांवरून एकदा नजर फिरवली, बेरजा बरोबर होत्या म्हणून तसेच ठेवले. गुरुवारी अहवाल परत पाठवला. शुक्रवारी संध्याकाळी मॅनेजरने स्वतः बसून हिशेब पुन्हा मांडला, कारण सोमवारी तो नगरपालिकेकडे जायचा होता. सोमवारी सकाळी तो मला म्हणाला, 'आय वॉज अ लिटल सरप्राइज्ड द रेनफॉल फिगर्स हॅडन्ट चेंज्ड.' तोपर्यंत मला एवढं कळायला लागलं होतं की 'अ लिटल सरप्राइज्ड' म्हणजे तो चिडलेला आहे.

आता तीच ईमेल मी अशी वाचते.

'क्वाइट गुड ओव्हरऑल' ही प्रस्तावना आहे. तिचा अर्थ 'टाकून देण्यासारखा नाही, दुरुस्त होईल' एवढाच. पुढे एकही सूचना नसती तर ते कौतुक म्हणून घेता आलं असतं.

'मायनर' हा शब्द लिहिणाऱ्याचं सौजन्य आहे. सूचना लहान की मोठी हे ती कशाला हात घालते त्यावरून ठरवायचं. इथल्या तीन सूचना मजकूर, आकडे आणि निष्कर्ष या तिघांबद्दल आहेत. अहवालात याशिवाय काय असतं?

'अ बिट थिन' म्हणजे तिसऱ्या भागात जे असायला हवं ते नाही. तिथे पाणी जमिनीत किती वेगाने मुरतं त्या चाचणीचे निकाल हवे होते. मी फक्त चाचणी केल्याचं लिहिलं होतं.

'यू माइट वॉन्ट टु' हा हुकूम आहे. मराठीत साहेब 'ते आकडे परत बघा' म्हणतील, तितकाच सरळ. आणि ब्रिटिश मॅनेजर परत बघायला सांगतो तेव्हा त्याला बहुतेकदा चूक कुठे आहे ते दिसलेलं असतं, ती तुम्ही स्वतः शोधावी अशी त्याची इच्छा असते. इथे निचरा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पावसासाठी आखायचा होता आणि हवामानबदलामुळे त्या पावसात जी वाढ धरावी लागते ती मी धरलीच नव्हती. बेरजा बरोबर असल्या तरी सुरुवातीचा आकडाच कमी होता.

'आय वंडर इफ' हेही कुतूहल नाही. निष्कर्ष समजत नाही, पुन्हा लिही, असं ते सांगणं आहे.

'नो रश, बट'मधला पहिला अर्धा सोडून द्या. गुरुवार ही मुदत आहे.

## ५. संकट लहान करून सांगितलं असेल तर दुसऱ्या वाक्यात वस्तुस्थिती शोधा

'अ बिट', 'अ लिटल', 'स्लाइटली' हे शब्द ब्रिटिश लोक बहुतेक वाईट विशेषणांनाच जोडतात. 'अ बिट लेट', 'अ बिट एक्स्पेन्सिव्ह' म्हणतात, 'अ बिट गुड' कुणी म्हणत नाही. म्हणजे 'अ बिट' ऐकू आलं की पुढे काहीतरी नकोसं आहे. ते किती मोठं आहे हे मात्र त्या शब्दावरून कधीच कळत नाही. 'अ बिट ऑफ अ प्रॉब्लेम' म्हणजे प्रिंटरमधला कागद संपला असेल, किंवा ग्राहक काम काढून घेत असेल.

याची जी किंमत मोजावी लागू शकते तिचं उदाहरण कोरियन युद्धातलं आहे. एप्रिल १९५१ मध्ये इमजिन नदीकाठी ब्रिटिशांच्या ग्लॉस्टरशायर रेजिमेंटच्या एका बटालियनला, सुमारे ६५० माणसांना, कितीतरी पट मोठ्या चिनी फौजेने घेरलं होतं. ती बटालियन ज्या ब्रिगेडमध्ये होती तिचे प्रमुख ब्रिगेडियर टॉम ब्रॉडी होते, आणि त्यांच्यावरचे वरिष्ठ अमेरिकी होते, जनरल रॉबर्ट सोल. त्यांनी परिस्थिती विचारली तेव्हा ब्रॉडी यांनी 'थिंग्ज आर अ बिट स्टिकी, सर' असं सांगितल्याची हकिकत आहे. ब्रिटिश अधिकाऱ्याच्या कानाला याचा अर्थ 'आम्ही बुडतोय' असा झाला असता. अमेरिकी जनरलनी त्याचा अर्थ कठीण आहे पण तग धरून आहेत, असा घेतला. वेळेत माघारीचा आदेश मिळाला नाही. त्या बटालियनचे पाचशेच्या वर सैनिक कैद झाले. लढाईत घडलं त्याला इतरही कारणं होती, पण हे वाक्य तेव्हापासून आजतागायत सांगितलं जातं.

याच्या शेजारी दुसरं एक वाक्य ठेवा. २४ जून १९८२ च्या रात्री जावा बेटाजवळ ब्रिटिश एअरवेजचं एक जंबो विमान गालुंगुंग ज्वालामुखीच्या राखेत शिरलं. कॅप्टन एरिक मूडी यांनी प्रवाशांना सांगितलं, 'वी हॅव अ स्मॉल प्रॉब्लेम. ऑल फोर इंजिन्स हॅव स्टॉप्ड.' विमान घसरत खाली आलं, इंजिनं पुन्हा सुरू झाली आणि ते जाकार्ताला सुखरूप उतरलं.

पहिलं वाक्य दोघांचंही सारखंच आहे, अडचण लहान करून सांगणारं. पण मूडी यांच्या दुसऱ्या वाक्यात वस्तुस्थिती होती: चारही इंजिनं बंद. ती ऐकल्यावर 'स्मॉल' शब्दाने कुणाची फसगत होणं शक्य नव्हतं. ब्रॉडी यांच्या वाक्यात तसं काहीच नव्हतं, आणि समोरच्यानेही ते मागून घेतलं नाही. तेव्हा 'अ बिट' ऐकलंत की दुसऱ्या वाक्याची वाट बघा. ते आलं नाही तर विचारा: किती वाजेपर्यंत, किती पौंड, कुठलं पान, अजून किती माणसं हवीत.

वैद्यकीय क्षेत्रात आलेल्यांनी हे जास्त लक्षात ठेवावं. इथले म्हातारे रुग्ण 'अ बिट अनकम्फर्टेबल' किंवा 'डोन्ट वॉन्ट टु मेक अ फस' असं म्हणत मोठी वेदना सोसत पडून राहतात. माझी एक मैत्रीण परिचारिका आहे. ती 'हाउ आर यू?'च्या उत्तरावर कधीच थांबत नाही. ती दुखणं शून्य ते दहामध्ये किती ते विचारते, आणि मग रात्री झोप लागली का, स्वतःहून उठून बाथरूमला जाता आलं का, हे विचारते. पहिल्या प्रश्नाला 'नॉट टू बॅड' म्हणणारा माणूस आकडा विचारला की आठ सांगतो.

## ६. खात्री करायची तर शब्दाचा अर्थ विचारू नका, कामाबद्दल विचारा

'तुम्हाला आवडलं की नाही, खरं सांगा' असं विचारलं की ब्रिटिश माणूस अवघडतो आणि आणखी एक गोड वाक्य बोलून सुटका करून घेतो. त्याला उत्तर द्यायला सोपा जाईल असा, कामाबद्दलचा प्रश्न विचारा. मला उपयोगी पडलेले प्रश्न असे: हे असंच ग्राहकाकडे पाठवलं तर चालेल का? तुमच्याकडे एकच तास असता तर तुम्ही यातलं काय बदललं असतं? यातलं गुरुवारच्या आत कुठलं व्हायलाच हवं? पहिल्या प्रश्नाला 'येस' असं तात्काळ उत्तर आलं तर 'क्वाइट गुड' चांगलं होतं. 'वेल...' आलं तर वही काढा.

ईमेलला त्याच दिवशी उत्तर द्यावं. मी आता लिहिते की, मला असं समजलं: पावसाच्या आकड्यांत वाढ धरून हिशेब नव्याने मांडायचा, तिसऱ्या भागात चाचणीचे निकाल घालायचे, निष्कर्ष पुन्हा लिहायचा. यात काही सुटलंय का? दोन वाक्यांचं हे उत्तर लिहायला पाच मिनिटं लागतात. मी मोठं समजलेलं काम त्याच्या लेखी लहान असेल तर तोही लगेच सांगतो.

विद्यार्थ्यांकडे याहून चांगलं माप आहे, ते म्हणजे गुण. इथल्या विद्यापीठांत साधारणपणे ७० आणि त्यापुढे पहिला वर्ग, मास्टर्सला डिस्टिंक्शन. ६० ते ६९ हा त्याखालचा चांगला पट्टा, मास्टर्सला मेरिट. ५० ला मास्टर्स उत्तीर्ण. आपल्याकडे ८५ची सवय असलेल्या मुलाला ६४ बघून धक्का बसतो आणि शेजारी 'अ गुड पीस ऑफ वर्क' वाचून आपली समजूत काढताहेत असं वाटतं. तसं नसतं. ६४ला 'गुड' हा शब्द नेमका बसतो. उलट 'क्वाइट अ गुड अटेम्प्ट' आणि शेजारी ५३ असेल तर त्या प्राध्यापकांचा 'क्वाइट' कुठे बसतो ते तुम्हाला कळलं. पहिल्या सत्रातले सगळे शेरे आणि गुण एका पानावर जोडीने लिहून काढा. प्रत्येक प्राध्यापकाचं माप वेगळं निघेल. दुसऱ्या सत्रात मसुद्यावर गुण नसतात, नुसते शेरे असतात, तेव्हा हे पान कामाला येतं.

आणि शब्दांपेक्षा कृती बघा. काम आवडलं असेल तर ते पुढे पाठवलं जातं, दुसऱ्या कुणाला नमुना म्हणून दाखवलं जातं, पुढचं जास्त अवघड काम तुमच्याकडे येतं. माझा तो 'नॉट बॅड' नकाशा महिन्याभराने मला दुसऱ्या प्रकल्पाच्या फाइलमध्ये सापडला. 'असा काढा' म्हणून तो तिथे लावून ठेवला होता.

## ७. स्वतः बोलताना

पहिला सापळा 'क्वाइट'चाच. सहकाऱ्याचं सादरीकरण मनापासून आवडलं म्हणून आपण 'इट वॉज क्वाइट गुड' म्हणतो आणि त्याचा चेहरा पडतो. आवडलं असेल तर 'रिअली गुड' म्हणा आणि काय आवडलं ते एक नाव घेऊन सांगा. घरी जेवायला बोलावलेल्या यजमानीणबाईंना तर 'क्वाइट नाइस' कधीच म्हणू नका. 'इट वॉज डिलिशस' म्हणा.

दुसरा सापळा वर्षभर इथे राहिल्यावर येतो. तोवर आपणही त्यांच्यासारखं कमी करून बोलायला लागतो आणि नको तिथे बोलतो. डॉक्टरांकडे 'अ बिट ऑफ पेन' म्हणू नका. किती दिवस, कुठे, आकडा किती, ते सांगा. ९९९ या आणीबाणीच्या नंबरला फोन केलात तर पहिल्या वाक्यात घटना सांगा: श्वास घेता येत नाही, रक्त थांबत नाही. नोकरीच्या मुलाखतीत 'आय नो अ बिट ऑफ' असं म्हणू नका. तिथे समोरचे लोक ठरलेल्या निकषांवर गुण देत असतात, आणि जे तुम्ही सांगितलं नाही त्याला गुण देता येत नाहीत.

तिसरी गोष्ट, वरिष्ठांना वाईट बातमी देताना त्यांची भाषा वापरायची असेल तर मूडी यांच्यासारखी वापरा. 'वी हॅव अ स्लाइट प्रॉब्लेम विथ द सर्व्हे' असं म्हणा, आणि लगेच पुढे: पूर्वेकडच्या बारा घरांची मोजमापं हरवली आहेत.

## ८. हे कुठे चालत नाही

इंटरनेटवर एक तक्ता फिरतो: ब्रिटिश काय म्हणतात, त्यांना काय म्हणायचं असतं. मी पहिल्या वर्षी तो छापून टेबलाला चिकटवला होता आणि नंतर काढून टाकला. त्यात 'क्वाइट गुड' म्हणजे निराशाजनक असं एकच उत्तर दिलेलं असतं. जोर कुठे होता, पुढे काय आलं, बोलणारा कोण, याचा त्यात काही पत्ता नसतो. त्या भरवशावर मी दोन-तीनदा खऱ्या कौतुकावर खुलासे देत बसले.

सगळे ब्रिटिश एकसारखे बोलत नाहीत हेही खरं. यॉर्कशरमध्ये माझ्याशी कित्येक माणसं तोंडावर 'दॅट्स नॉट राइट, लव्ह' म्हणतात आणि त्यात राग नसतो. तेच लोक तब्येत विचारली की 'फेअर टु मिडलिंग', म्हणजे ठीकठाक, एवढं म्हणून विषय संपवतात. आमच्या ऑफिसातल्या पंचविशीतल्या मुलांकडे मला हा संयम कमी दिसतो, ती 'अमेझिंग', 'ब्रिलियंट' सहज म्हणतात. त्यांच्याकडून आलेला 'गुड' उलट थोडा खाली धरावा लागतो. आणि दुकानात किंवा कार्यालयात तुम्ही फॉर्म भरून परत दिलात की समोरची बाई 'ब्रिलियंट' किंवा 'लव्हली' म्हणते, त्याचा अर्थ फॉर्म मिळाला एवढाच. त्यातली जन्मतारीख चुकली असेल तर ती दोन आठवड्यांनी पत्राने कळेल, म्हणून खिडकीपासून हलण्याआधी फॉर्म एकदा स्वतः वाचून घ्या.